धागा: घरात सगळ्यांना खरूज, क्रीम नक्की कसं लावायचं, कपडे किती धुवायचे आणि खाज कधी थांबते?

कराडची_सून | रविवार, रात्री ११:१०
नमस्कार मंडळी. मोठा मुलगा १२ वर्षांचा, होस्टेलला असतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तेव्हा बोटांच्या बेचक्यात खाजवत होता. आम्ही म्हटलं साबणाची अ‍ॅलर्जी असेल. आता तो परत गेलाय आणि इकडे मला मनगटाला आणि पोटावर, मिस्टरांना कमरेला, सासूबाईंना काखेत आणि छातीखाली अशी खाज सुटलीय, आणि रात्री पांघरुणात शिरलं की अगदी जीव नको होतो. बाळ १० महिन्यांचं, त्याच्या तळपायाला पाण्यासारखे फोड दिसतायत. सासरे ७४ वर्षांचे, त्यांना काहीच नाही म्हणतात. स्किनच्या डॉक्टरांनी बघताक्षणी खरूज सांगितलं आणि पर्मेथ्रिन ५ टक्के क्रीम लिहून दिलं, "सगळ्यांनी मानेपासून खाली लावा, सकाळी धुवा, सात दिवसांनी परत" एवढंच. दवाखान्यात इतकी गर्दी की पुढचं विचारायला तोंडच उघडता आलं नाही. मेडिकलवाल्याने ३० ग्रॅमच्या दोन ट्यूब दिल्या. सहा माणसं आहेत हो घरात, दोन ट्यूबमध्ये कसं भागणार? आणि कपड्यांचं काय करायचं, गाद्या जाळायच्या का काय? शेजारच्या काकू तर तसंच म्हणाल्या.

निंबोणी | रविवार, रात्री ११:३२
ताई घाबरू नका. आमच्याकडे आजी कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने आंघोळ घालायची आणि नंतर खोबरेल तेलात कापूर घालून चोळायची, आठ दिवसांत सगळं गायब. शिवाय गंधकाचा साबण मिळतो तो वापरा. क्रीम जिथे खाज आहे तिथेच लावायचं, सगळ्या अंगाला केमिकल फासून काय मिळणार, आणि लहान बाळाला तर अजिबात नको.

मुलुंडकर | रविवार, रात्री ११:५०
मलाही अशीच खाज होती जांघेत, गोल चकत्या, कडा लाल, मध्ये साफ. अँटिफंगल पावडर मारली, दोन महिन्यांत गेली. तुम्ही पण पावडर वापरून बघा, घाम हेच मूळ आहे.

शशी_सिस्टर | सोमवार, सकाळी ७:१५
मुलुंडकर, तुमचा तो नायटा, त्यांची ही खरूज, एकाच पावडरीने दोन्ही जात नाहीत. गोल चकती आणि कडा असेल तर बुरशी. बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती, कमरेवर, काखेत बारीक पुरळ, रात्री जास्त खाज, आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदम, हे ऐकलं की खरुजेशिवाय दुसरं आधी मनात येत नाही. बाळाच्या तळव्याला फोड हेही तसंच, मोठ्या माणसाच्या तळपायाला सहसा येत नाहीत पण लहानांना येतात.

मी स्किन ओपीडीत बरीच वर्षं काढली, आता रिटायर झालेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कराडची ताई, आधी ट्यूबचा हिशोब. एका मोठ्या माणसाला एका वेळी एक ३० ग्रॅमची ट्यूब लागते, अंगाने भरलेल्या माणसाला त्याहून जास्तही. १२ वर्षांच्या मुलालाही साधारण एक पूर्ण धरा, त्याहून लहानाला अर्धी, पाच वर्षांच्या आतल्याला पाव, आणि तुमच्या बाळाला एक अष्टमांश, म्हणजे अगदी थोडीशी. तर तुम्ही दोघं, सासू-सासरे आणि मुलगा, पाच ट्यूब, आणि बाळाचं मिळून सहा. हे एका वेळचं. सात दिवसांनी परत तेवढंच, म्हणजे बारा. ६० ग्रॅमची ट्यूब मिळाली तर सहा आणा, स्वस्त पडेल. दोन ट्यूबमध्ये सहा जणांनी ठिपके-ठिपके लावले की ती खरूज घरात मुक्काम ठोकून राहते, हे मी इतक्यांदा बघितलंय की काही विचारू नका.

आता मुलगा. तो होस्टेलला आहे ना? त्याला तिथे त्याच रात्री लावायला हवं. रेक्टरना फोन करा, त्याच्या खोलीतल्या मुलांना पण सांगायला लावा, नाहीतर तो सुट्टीत येणार आणि परत पहिल्यापासून सुरू.

खडूस_आजोबा | सोमवार, सकाळी ८:०५
सासऱ्यांना खाज नाही, मग त्यांना कशाला ट्यूब? फुकटचे पैसे.

शशी_सिस्टर | सोमवार, सकाळी ८:२०
आजोबा, हाच तर पेच आहे. पहिल्यांदा लागण झाली की खाज यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर खरुजेचा किडा अंगावर असतो, अंडी घालतो, आणि माणूस म्हणतो मला काही नाही. त्यात वयस्कर माणसाची त्वचा कोरडी, त्यांना खाज कमी वाटते किंवा ते सांगत नाहीत. त्यांना सोडलं तर त्यांच्याकडून घरादाराला परत. म्हणून ज्यांना आहे त्यांना आणि ज्यांना नाही त्यांनाही, एकाच रात्री. आज तुम्ही, परवा मिस्टर असं केलं की पैसे खरोखर वाया जातात.

मेडिकलवाला_सांगली | सोमवार, सकाळी १०:४०
सिस्टरांचं बरोबर आहे. काउंटरवरून सांगतो, लोक एक ट्यूब नेतात आणि आठ दिवसांनी येऊन म्हणतात बेकार माल दिला. एक गोष्ट मात्र माझ्याकडून ऐका, ते स्टेरॉइडवालं मिक्स मलम, अँटिबायोटिक, अँटिफंगल, स्टेरॉइड तिन्ही एकात, ते खरुजेवर लावू नका. पहिल्या दोन दिवसांत खाज एकदम बसते, माणूस खूश, पण किडा आतमध्ये मजेत वाढत असतो, पुरळ भलत्याच ठिकाणी भलत्याच रूपात दिसायला लागतं आणि मग डॉक्टरही चकतात. घरात आधीच कोणी लावत असेल तर डॉक्टरांना सांगा.

कराडची_सून | सोमवार, दुपारी २:१२
अरे देवा, सासूबाई दोन आठवडे तेच लावत होत्या! भाऊजींनी दिलेलं. बंद केलं. त्यांच्या काखेत आता छोट्या गाठी आल्यात, त्या त्यामुळेच का?

बाकी क्रीम नक्की कसं लावायचं ते सांगा, म्हणजे आज रात्रीच उरकतो.

शशी_सिस्टर | सोमवार, दुपारी ३:००
गाठी नंतर बघू, त्यांचं वेगळं प्रकरण असतं. आधी लावणं.

संध्याकाळी आंघोळ करायची असेल तर कोमट पाण्याने करा आणि अंग पूर्ण कोरडं, गार होऊ द्या. कढत पाण्याच्या आंघोळीनंतर लगेच लावलं की त्वचा तापलेली असते, खाजही वाढते, क्रीमही नको तितकं आत जातं. लावायच्या आधी सगळ्यांची नखं कापा, बारीक.

आता घरातला मोठा घोळ सांगते, अंगावरच्या वस्तू. कमरेचा करगोटा, मनगटातला लाल धागा, घड्याळ, बांगड्या, अंगठी, जानवं, मंगळसूत्र, यांच्याखालची जागा लोक सोडून देतात आणि किड्याला तीच आवडते. काढता येईल ते काढा, करगोटा काढायचा नसेल तर कापून दुसरा बांधा, बांगड्या निघत नसतील तर वर-खाली सरकवून खाली लावा. सासूबाईंचा परकर जिथे बांधतात तिथली कमरेची रेघ विसरू नका.

मग मान, आणि कानामागे, तिथून खाली. हात, बोटांच्या बेचक्या एकेक उघडून, मनगट, कोपर, काख, छातीखालची घडी, बेंबीच्या आतही, पाठ (पाठीला दुसऱ्याचा हात लागतो, तेव्हा एकमेकांना लावा, लाजू नका), कुल्ले आणि मधली फट, जांघा, पुरुषांना लिंग आणि अंडकोष, बायकांना बाहेरचा भाग, मांड्या, गुडघ्यामागे, पायाच्या बोटांमध्ये, तळवे. शेवटी नखांखाली, जुन्या मऊ टूथब्रशने, आणि तो ब्रश नंतर टाकून द्या. पातळ थर, पण सगळीकडे. पांढरा दिसेनासा होईपर्यंत चोळा. मोठ्यांना चेहऱ्याला लावायचं नसतं, पण बाळाला डोकं, कपाळ, गाल, कान, मान हेही करायचं, डोळ्यांच्या नि तोंडाच्या आजूबाजूची जागा सोडून. सासऱ्यांच्या वयाच्या माणसांनाही डोक्याला नि कानाला लावायला सांगतात, पण ते तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, मी इथून ठरवणार नाही.

आठ तास तरी अंगावर राहू द्यायचं, बारा-चौदा चालतं, म्हणून रात्री लावून सकाळी धुणं सोयीचं. मध्ये कोणी हात धुतले तर हाताला परत लावायचं. हेच सगळ्यात जास्त चुकतं, कारण रात्री जेवण, बाळाचं बदलणं, बाथरूम, सगळीकडे हात धुतले जातात. म्हणून जेवणं उरकून, भांडी आवरून मग लावायला बसा.

बाळ हात चोखतं ना, तर हाताला मोजे घाला. आणि तुम्ही अजून अंगावर पाजत असाल तर पाजायच्या आधी छातीवरचं क्रीम पुसून धुवा, पाजून झालं की परत लावा.

पूजा_आई | सोमवार, दुपारी ३:४०
बाळाला लावायला मला भीती वाटते, आमचंही सहा महिन्यांचं आहे.

शशी_सिस्टर | सोमवार, दुपारी ४:०५
दोन महिन्यांच्या वर पर्मेथ्रिन देतात, डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर भीती नको. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र स्वतःच्या मनाने काही करायचं नाही, तिथे गंधकाचं मलम वगैरे डॉक्टर ठरवतात. जुन्या घरांत ते गॅमा बेंझीनवालं लोशन अजून कुठे कपाटात सापडतं, ते लहान मुलांना बिलकुल नको, त्याने झटके येऊ शकतात.

निंबोणी | सोमवार, दुपारी ४:३०
म्हणजे मी गंधक म्हटलं ते बरोबरच होतं ना?

शशी_सिस्टर | सोमवार, दुपारी ४:४५
अर्धं. गंधकाचं मलम काम करतं, सलग तीन रात्री लावून, वास मात्र असा की शेजारी विचारतील. साबण दोन मिनिटांत धुऊन जातो, त्याने किडा मरत नाही. कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ केली तर अंगाला बरं वाटेल, पण खरूज जाणार नाही. आजींच्या वेळी आठ दिवसांत गेली असेल तर मी काय म्हणणार, बहुतेक ती दुसरीच काही खाज असेल.

निंबोणी | सोमवार, सायं. ५:१०
बघा बाई, आमच्या घरी तर गेली. असो.

लंडनची_मीनल | सोमवार, रात्री ९:२०
इकडे मुलाच्या नर्सरीतून आम्हालाही आली होती. इथे सांगितलं की पहिल्या ट्रीटमेंटच्या दिवशी चादरी, टॉवेल, कपडे ६० डिग्रीला धुवा, जे धुता येत नाही ते पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवा, आणि पहिल्या ट्रीटमेंटनंतर २४ तासांनी नर्सरीत पाठवा. पण आमच्याकडे मशीनला तापमानाचं बटण असतं, तुमच्याकडे बादलीत धुणं असेल तर कसं करतात माहीत नाही.

कराडची_सून | सोमवार, रात्री ९:५५
हो ना, आमच्याकडे मशीन आहे पण गरम पाणी घेत नाही, आणि गोधड्या चार, गाद्या कापसाच्या. सगळं उकळायचं म्हटलं तर बंबच पेटवायला लागेल.

शशी_सिस्टर | मंगळवार, सकाळी ७:४०
सगळं उकळायचं नाही. किडा माणसाच्या अंगावरून सुटला की दोन-तीन दिवसांत मरतो, त्याला खायला त्वचा लागते. मुख्य प्रसार अंगाला अंग लागून होतो, हात धरून, एकत्र झोपून. कपड्यांवरून कमी. म्हणून गेल्या तीन दिवसांत जे अंगाला लागलंय तेवढंच बघायचं. अंगातले कपडे, आतले कपडे, टॉवेल, चादर, उशीचे अभ्रे, अंगावरचं पांघरूण, बाळाची दुपटी, टोपडी.

दिवस असा करा. रात्री क्रीम लावून स्वच्छ कपडे घालून धुतलेल्या चादरीवर झोपायचं. सकाळी आंघोळ केली की रात्रीचे कपडे, चादरी लगेच काढायच्या. बादलीत उकळतं पाणी ओतून त्यात कपडे दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग नेहमीसारखे धुवा, कडक उन्हात वाळवा. जे आटेल, रंग जाईल किंवा धुताच येणार नाही, साडी, स्वेटर, मऊ खेळणी, चपला, ते प्लास्टिकच्या पिशवीत गच्च गाठ मारून बाजूला ठेवा, तीन दिवस पुरे आहेत, मनाला बरं वाटत नसेल तर आठवडा ठेवा. गोधड्यांचंही हेच. जी अंगावर घेता ती धुणार असाल तर धुवा, नाहीतर मोठ्या पिशवीत बंद. कपाटात घडी घालून ठेवलेल्या साड्यांना काहीही करायचं नाही.

गाद्या जाळू नका हो. उन्हात टाका, उलट-सुलट करा, झाडून काढा. सोफा झाडा, पुसा. घरात औषध फवारायची गरज नाही, लोक झुरळाचं औषध मारतात आणि बाळाला खोकला लावतात.

मेडिकलवाला_सांगली | मंगळवार, सकाळी ११:००
इस्त्री पण फिरवावी, विशेषतः शिवणींवर. उष्णता लागली की किडा मरतो.

खडूस_आजोबा | मंगळवार, सकाळी ११:१५
इस्त्रीने किडा जातो म्हणे, आणि लाइटचं बिल कोण देणार. ऊन पुरे.

शशी_सिस्टर | मंगळवार, दुपारी १२:३०
मेडिकलवाले दादा, उकळत्या पाण्यातून काढल्यावर इस्त्री जादा आहे. ज्यांच्याकडे पाणी कमी त्यांनी इस्त्री करावी. नुसतं ऊन... आजोबा, एकट्या उन्हावर मी विसंबणार नाही, पावसाळी दिवस असेल तर तर नाहीच. एक मात्र करा, घरकामाला बाई येत असतील तर त्यांना गुपचूप काढून टाकू नका, त्यांनाही सांगा, त्यांच्या घरी लहान मुलं असतील तर तिकडेही औषध लागेल. आणि त्या दिवशी पाहुण्यांना घरी झोपायला बोलवू नका.

अभिजित_पुणे | मंगळवार, रात्री १०:००
मला एक विचारायचंय. आमच्या लॅब्राडॉरला खरूज झाली होती, मला पण हातावर पुरळ आलं. म्हणजे मी पण हे क्रीम लावू का? आणि बायकोनेही?

शशी_सिस्टर | बुधवार, सकाळी ७:३०
कुत्र्याची खरूज दुसऱ्या जातीची. तुमच्या अंगावर थोडा वेळ चावते, पुरळ उठतं, पण तिथे संसार थाटत नाही. कुत्र्यावर पशुवैद्याकडून उपचार झाले की तुमचं आपोआप बसतं. चार-सहा आठवडे तरी टिकलं किंवा बायकोला बोटांच्या बेचक्यात आलं तर मात्र त्वचेच्या डॉक्टरकडे जा.

कराडची_सून | गुरुवार, सकाळी ९:१०
काल रात्री सगळ्यांनी लावलं. मिस्टर म्हणत होते मला नको, मी म्हटलं मग तुम्ही बाहेर झोपा, तेव्हा लावलं. सहा ट्यूब आणल्या होत्या, त्यातली एक मुलाला पाठवायची होती. मिस्टरांना एकट्याला एकाहून जास्त लागलं, तेव्हा मेडिकलमधून आणखी आणून कालच कुरिअरने पाठवली. रेक्टर म्हणाले मिळाली की त्याच रात्री लावून घेतो, आणखी चार मुलांना पण आहे म्हणे! सकाळी आंघोळ करून कपडे उकळत्या पाण्यात. पण खाज काल रात्री उलट जास्त झाली. क्रीमने अंग चरचरतंय. हे नॉर्मल आहे का, का क्रीम चालत नाही?

रॉकी_कोल्हापूर | गुरुवार, सकाळी १०:२०
आजकाल पर्मेथ्रिन चालतच नाही असं वाचलंय, किडे रेझिस्टंट झालेत. इव्हरमेक्टिनच्या गोळ्या घ्या सरळ, कोविडच्या वेळी आणलेल्या असतील ना घरात? मी माझ्या रूममेटला हेच सांगितलं. तो तर क्रीम रोज रात्री आठवडाभर लावत होता, तरी खाज.

शशी_सिस्टर | गुरुवार, दुपारी १:४५
रॉकी, तुमच्या रूममेटची खाज क्रीम रोज लावल्यामुळेच असू शकते, त्वचा भाजून निघते, कोरडी पडते, आणि मग तो आणखी लावतो. वारंवार लावून किडा जास्त मरत नाही.

युरोपात काही ठिकाणी पर्मेथ्रिनचा परिणाम कमी होत असल्याच्या बातम्या आहेत हे खरंय, पण आमच्या ओपीडीत जे परत यायचे त्यांतल्या बहुतेकांनी घरातल्या एकाला सोडलेलं असायचं, नाहीतर ट्यूब अर्धी वापरलेली. इव्हरमेक्टिन काम करतं, वजनावर ठरतं, किलोला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम, आणि सात ते चौदा दिवसांनी परत. पण १५ किलोच्या आतल्या मुलांना देत नाहीत, गरोदर बाईला देत नाहीत. ताईंच्या घरी बाळ आहे, ताई पाजते आहे, तिथे घरातल्या कोविडच्या गोळ्या वाटून देणं मला पटत नाही. डॉक्टरांनी लिहिलं तर वेगळी गोष्ट.

रॉकी_कोल्हापूर | गुरुवार, दुपारी २:१०
डॉक्टरांना विचारूनच घ्या असं मीही म्हणतोय की.

शशी_सिस्टर | गुरुवार, दुपारी २:४०
आता खाज, कारण ताईंचा खरा प्रश्न हाच आहे. क्रीमने पहिल्याच वेळी बहुतेक किडे मरतात, पण ते मेलेले, त्यांची अंडी आणि विष्ठा त्वचेच्या वरच्या थरातच पडून असते. शरीर त्याच्याविरुद्ध खाज देत राहतं, तो थर झडेपर्यंत. म्हणून दोन ते चार आठवडे खाज चालणं हे अपेक्षितच. पहिल्या एक-दोन रात्री तर वाढूही शकते. यातून लोक घाबरून क्रीम परत परत लावतात आणि रूममेटसारखं होतं.

म्हणून तारीख लिहून ठेवा. पहिलं क्रीम आणि दुसरं सात दिवसांनी. दुसरं चुकवायचं नाही, कारण अंड्यांवर क्रीमचा भरवसा नाही, आणि त्यातून तीन-चार दिवसांत नवे किडे निघतात. त्यांनी मोठं होऊन परत अंडी घालायच्या आत दुसरं लावायचं. त्यामध्ये एकही दिवस पर्मेथ्रिन नाही. मधल्या दिवसांत खोबरेल तेल किंवा साधं मॉइश्चरायझर, कॅलॅमिन, कोमट पाण्याची आंघोळ, साबण कमी. रात्रीच्या खाजेला अँटिहिस्टामिनची गोळी डॉक्टरांना विचारून, बाळाला तर विचारल्याशिवाय काहीही नाही.

आता नवी खरूज की जुनी खाज, हे ओळखायचं कसं. दुसऱ्या क्रीमच्या दिवशी मोबाइलवर फोटो काढा, हाताचा, पोटाचा, बाळाच्या तळव्याचा. आठवड्याने त्याच जागा परत बघा. जुने पुरळ सपाट होत, तपकिरी पडत जातील तर ठीक. नवे पुरळ बेचक्यात उठले, किंवा बारीक नागमोडी करडी रेघ, दोन-चार मिलिमीटरची, मनगटाला दिसली, आणि चार आठवड्यांनंतरही खाज तशीच, तर परत डॉक्टरकडे. फक्त खाज असणं हा पुरावा नाही.

फोडांत पू दिसला, पिवळी खपली बसली, किंवा ताप आला तर क्रीमची वाट बघू नका, त्याला अँटिबायोटिक लागतं. खरूज खाजवून जखमा चिघळल्यावर काही आठवड्यांनी मुलांचे डोळे सुजलेले, लघवी चहासारखी किंवा कमी असं दिसलं तर किडनीचं असू शकतं, तेव्हा त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ.

पूजा_आई | गुरुवार, सायं. ६:००
हे कुणी सांगितलंच नव्हतं. धन्यवाद.

कराडची_सून | रविवार, रात्री १०:०५ (दुसऱ्या क्रीमनंतर)
दुसऱ्यांदा लावून झालं. मिस्टरांची खाज ७० टक्के कमी, माझी अर्धी. बाळाच्या तळव्याचे फोड सुकून कातडी निघतेय. होस्टेलला चौघांना लावलं. सासऱ्यांना पण आता मनगटाला खाज सुटलीय म्हणतात, आजोबा ऐकताय ना? आता उरलं ते सासूबाईंचं. काखेतल्या गाठी तशाच आहेत, मुलाला पण म्हणे लिंगावर दोन लाल गाठी आहेत. खाजतात खूप. परत क्रीम लावायचं का त्यांवर?

शशी_सिस्टर | सोमवार, सकाळी ८:१०
सासऱ्यांचं पुरळ पहिल्या क्रीमच्या आधीच अंगात शिरलेल्या किड्यांचंही असू शकतं, आता वर येतंय. त्यांना दोन्ही वेळा सगळीकडे नीट लागलं का ते आधी विचारा, शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा.

गाठींवर क्रीम नाही. काखेत, जांघेत, लिंगावर अशा गाठी किडा मेल्यावरही महिने-महिने राहतात, ती शरीराची प्रतिक्रिया असते. त्यात जिवंत किडा असेलच असं नाही. एरवी स्टेरॉइड टाळा म्हणून सांगितलं, पण गाठींवर डॉक्टर कधी कधी साधं स्टेरॉइड मलम ठराविक दिवस देतात, ते वेगळं. भाऊजींच्या मिक्स मलमाशी गल्लत करू नका. सासूबाईंना एकदा दाखवून घ्या, शुगर आहे का? आणि त्यांच्या हातापायावर जाड पांढरट खपल्या, तरी खाज कमी, असं असेल तर लगेच सांगा, त्यात किडे हजारोंनी असतात आणि औषधही वेगळं करावं लागतं.

कराडची_सून | सोमवार, सकाळी ८:४०
नाही, खपल्या नाहीत. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. बुधवारी दाखवते.

मेडिकलवाला_सांगली | सोमवार, दुपारी १२:१५
मला वाटतं होस्टेलच्या खोलीत सगळ्या मुलांना दिल्याशिवाय उन्हाळ्यात हा धागा परत वर येणार. चौघांनाच लावून काय होतंय, बाकीच्यांना पण दोन महिन्यांत सुरू होईल.

लंडनची_मीनल | सोमवार, सायं. ५:४५
मेडिकलवाले दादा बरोबर, इथे तर नर्सरीने सगळ्या पालकांना पत्र पाठवलं होतं, नाव न घेता. तुमच्या होस्टेलला तसं सांगता येईल का?

कराडची_सून | सोमवार, रात्री ९:३०
रेक्टरांना विचारते. त्यांचं म्हणणं की पालकांना पत्र गेलं तर प्रवेशावर परिणाम होतो. मिस्टर म्हणतायत आपणच बाकीच्या चार पालकांना फोन करू. नंबर दोघांचे आहेत.

पूजा_आई | सोमवार, रात्री ९:५०
ताई, पत्र नाही पाठवत असतील तर शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सिस्टरांनी लिहिलेलं ते कपडे नि क्रीमचं टाका ना. कुणाचं नाव नको.

खडूस_आजोबा | सोमवार, रात्री १०:०२
आणि ट्यूबचा हिशोबही टाका त्यात. एक माणूस, एक ट्यूब. मला आता कळला.